नवव्या स्लाइडवर चार मिनिटं

सरांची पीपीटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात ३४ स्लाइड होत्या आणि नोट्स फक्त एका स्लाइडला. विसाव्या. तिथे खाली एकच ओळ होती: ‘इथे चेअरमनकडे बघायचं नाही.’

कोणते चेअरमन, का बघायचं नाही, काही पत्ता नाही. स्लाइडवर दूध साठवण्याच्या टाकीचा उभा छेद होता. स्टीलचे दोन पत्रे, मध्ये फोम, वर ढवळणी. त्या चित्रात चेअरमनने दुखावून घ्यावं असं मला तरी काही दिसलं नाही.

आमची कंपनी गावातल्या दूध संकलन केंद्रांसाठी बल्क कूलर बनवते. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालून जातात, ते टाकीत पडतं, टाकीच्या तळाशी गॅसच्या नळ्या असतात, आणि दूध ४ अंशांवर येऊन टँकरची वाट पाहतं. हे यंत्र विकायचं म्हणजे दूध संघाच्या संचालक मंडळापुढे उभं राहून पाऊण तास बोलायचं. ते काम सर करायचे. मी डिझाइन विभागात होते. सरांनी नोकरी सोडली, त्यांचा लॅपटॉप आयटीवाल्यांनी पुसून दुसऱ्याला दिला, आणि हँडओव्हर म्हणून मला एक पेन ड्राइव्ह आणि कपाटाची किल्ली मिळाली. ‘सगळं त्यात आहे,’ सर म्हणाले होते. मला वाटतं त्यांचं खरंच तसं मत होतं. ज्याला पाठ असतं त्याला ते कागदावर नसल्याचं कळत नाही.

नऊ दिवसांनी सोलापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघासमोर सादरीकरण होतं. साहेबांनी सांगितलं, प्रत्येक स्लाइडला नोट्स लिही, म्हणजे उद्या तूही गेलीस तर आमची पंचाईत नको. मी आठवड्यापूर्वीच त्या जागेवर आले होते.

पहिल्या दोन दिवसांत मी सगळ्या ३४ स्लाइडच्या नोट्स लिहून काढल्या. छान टाइप केल्या, परिच्छेद पाडले. मग सर्व्हिसच्या मामांना मीटिंग रूममध्ये बसवून वाचून दाखवल्या. मामा सरांबरोबर गावोगाव हिंडलेले. सर बोलायचे आणि मामा मागे उभे राहून यंत्राच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. चौथ्या स्लाइडला त्यांनी चहा मागवला. बाराव्या स्लाइडला म्हणाले, ‘मॅडम, हे तर स्लाइडवरच लिहिलंय की.’

त्यांचं बरोबर होतं. मी लिहिलेलं असं होतं: ‘या आलेखात आपल्याला दुधाचं तापमान वेळेनुसार कसं खाली येतं ते दिसतं. तीन तासांच्या आत दूध ४ अंशांवर येतं.’ आलेखाचं शीर्षक होतं, ‘३ तासांच्या आत ४ अंश’. म्हणजे मी शीर्षक दोनदा वाचणार होते, एकदा त्यांच्या डोळ्यांनी आणि एकदा माझ्या तोंडाने. दुसऱ्याची पीपीटी हातात आली की हे आपोआप होतं. समोर जे दिसतं तेच आपण लिहितो, आणि जे दिसतं ते ऐकणाऱ्यालाही दिसतच असतं. नोट्समध्ये हवं ते नेमकं स्लाइडवर नसलेलं, आणि ते तर माणसाबरोबर निघून गेलेलं.

सगळंच निघून गेलं नव्हतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही चुकून.

स्लाइड मागेपुढे करायच्या म्हणून मी Slide Sorter उघडलं, तर प्रत्येक स्लाइडच्या खाली बारीक अक्षरात वेळ दिसली. 00:41, 01:12, 00:35. सरांनी कधीतरी Rehearse Timings लावून तालीम केली असणार आणि शेवटी वेळा जतन करायच्या का, या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं असणार. सर प्रत्येक स्लाइडवर किती वेळ थांबत होते ते फाइलमध्ये तसंच राहिलं होतं.

मी तो सगळा आकड्यांचा रांगडा हिशेब वहीत उतरवून घेतला. कंपनीचा इतिहास, पुरस्कार, कारखान्याचा ड्रोनमधून काढलेला फोटो: सगळ्या मिळून दीड मिनिटसुद्धा नाही. मी त्यांच्यावर अख्खं पान लिहिलं होतं. बारावी, आलेखाची: साडेतीन मिनिटं. आणि नववी: चार मिनिटं दहा सेकंद. नवव्या स्लाइडवर एक फोटो होता. ओट्यावर ओळीने ठेवलेले दुधाचे कॅन. एक शब्द नाही, एक आकडा नाही. चार मिनिटं दहा सेकंद.

तेविसावीवर अकरा मिनिटं होती. तिथे मी बराच काळ डोकं खाजवलं. ती ‘धन्यवाद’सारखीच एक मधली स्लाइड होती, ‘चहापान’ असं लिहिलेली. सर बहुधा तालीम चालू ठेवून खरोखरच चहाला गेले. या वेळांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, एवढं त्यावरून समजलं. एकाच तालमीतली वेळ ती. मध्ये फोन वाजला तरी घड्याळ चालूच.

मग मला नाद लागला. फाइल उचकटली की माणूस किती सापडतो! बाराव्या स्लाइडवर आलेखाच्या उजव्या अर्ध्या भागावर एक पांढरा चौकोन बसवलेला होता, आणि पहिल्या क्लिकला तो निघून जात होता. म्हणजे सर आधी अर्धाच आलेख दाखवायचे, काहीतरी विचारायचे किंवा सांगायचे, आणि मग बाकीचा उघडायचे. ॲनिमेशनचा क्रम म्हणजे बोलण्याचा क्रम. Selection Pane उघडलं की स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येते, झाकलेल्यांचीसुद्धा. तिथे ‘TextBox 14’ नावाची एक वस्तू होती जी मला स्लाइडवर कुठेच दिसेना. झूम कमी केला तर ती स्लाइडच्या चौकटीबाहेर, डाव्या हाताला, राखाडी भागात पडलेली. तिच्यात लिहिलं होतं: ‘मे?’

मला वाटलं ‘मे’ म्हणजे ‘मेन्यू’ किंवा ‘मेल’ लिहिता लिहिता राहिलं असेल. पुसूनही टाकणार होते.

आता त्या आलेखावर मी जरा थांबते, कारण सबंध पीपीटीत सगळ्यात मोठा खड्डा तिथे होता आणि मी दोन दिवस त्यावरून गालिचा अंथरून चालत होते.

आलेखात दूध ३५ अंशांवरून निघतं आणि वळण घेत ४ अंशांवर येतं. त्याला लागतात २ तास ४० मिनिटं. मी आलेखावर उजवं क्लिक करून Edit Data केलं. बऱ्याच आलेखांच्या मागे त्याचा एक्सेलचा तक्ता फाइलमध्येच दडलेला असतो (बाहेरच्या फाइलशी जोडलेला असला तर मात्र ती फाइल सापडत नाही असा निरोप येतो आणि आपण हात चोळत बसतो). इथे तक्ता होता. दर पंधरा मिनिटांची नोंद. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात दुधाचं तापमान. आणि तिसरा एक रकाना, जो आलेखात काढलेलाच नव्हता: ‘बाहेर’. त्याखाली २४, २४, २३, २३, २२. सगळ्यात वर तारीख. २७ जानेवारी. आणि तिच्या शेजारी ‘१००० लि.’

टाकी २००० लिटरची होती.

एवढं वाचलं आणि मला ‘मे?’ समजलं.

बल्क कूलरच्या पाटीवर एक खूण असते. आमच्या या यंत्रावर ती आहे 2BII. डिझाइन विभागात असताना मी ती रोज बघायचे, पण पाटीवरची खूण आणि पडद्यावरचा आलेख या दोघांची माझ्या डोक्यात गाठ कधी पडली नव्हती. ही खूण ISO 5708 या मानकातली. त्यातला 2 म्हणजे टाकी दोन वेळच्या दुधात भरणार, म्हणजे एका वेळी अर्धीच. B म्हणजे बाहेरची हवा ३२ अंशांपर्यंत असेल तोवर थंड करण्याची हमी, आणि ३८ अंशांपर्यंत यंत्र सुरक्षितपणे चालेल. शेवटचा II म्हणजे ते अर्धं दूध ३५ वरून ४ अंशांवर यायला जास्तीत जास्त ३ तास. तीन तासांचा शब्द खरा आहे, पण तो अर्ध्या टाकीला आणि बत्तीस अंशांना बांधलेला आहे. सरांचा आलेख त्याहून सोप्या दिवशीचा, हिवाळ्यातला, म्हणून तीन तासांहूनही वीस मिनिटं आधी काम झालं. आलेखात लबाडी काहीच नव्हती. अटी तेवढ्या नव्हत्या.

आणि मी हा आलेख घेऊन सोलापूर जिल्ह्यात जाणार होते, जिथे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जाणं ही बातमीसुद्धा होत नाही. वर संकलन केंद्राला पत्र्याचं छप्पर असलं की आतली हवा बाहेरच्याहून तापलेली.

मी मामांकडे गेले. म्हटलं, सर आलेखावर काय बोलायचे?

मामा म्हणाले, ‘सर पहिल्यांदा तेच सांगायचे. हा आलेख हिवाळ्यातला आहे, अर्ध्या टाकीचा आहे. आता मेचं बोलू. मग गप्प उभे राहायचे जरा.’

‘कोणी विचारायच्या आधी?’

‘आधीच. विचारल्यावर सांगितलं की लोकांना वाटतं लपवत होता.’

म्हणजे आलेखाखालची बारीक अक्षरातली तळटीप सरांच्या तोंडात होती. ते होते तोवर आलेख पूर्ण होता. ते गेले आणि तोच आलेख, एक ठिपकाही न बदलता, अर्धवट झाला. मी तो माझ्या नोट्ससकट दाखवला असता तर खोटं बोलले असते आणि मला ते कळलंही नसतं. पुढच्या उन्हाळ्यात संघाकडून फोन आला असता की तुमच्या मॅडम तीन तास म्हणाल्या होत्या.

मेमध्ये काय होतं ते मग मामांनी सांगितलं आणि मी आकड्यांत बसवलं. हजार लिटर दुधाचं वजन १०३० किलो. ते ३५ वरून ४ वर आणायचं म्हणजे ३१ अंश उतरवायचं. त्यातून काढावी लागणारी उष्णता साधारण ३५ युनिट होते, विजेच्या युनिटच्या भाषेत. तीन तासांत काढायची तर तासाला साडेअकरा युनिटच्या आसपास. यंत्राचा जीव तेवढा धरून बनवलेला असतो. आता एखाद्या केंद्राने टँकर चुकला म्हणून किंवा दुधाचा सुकाळ आहे म्हणून एकाच वेळी पूर्ण २००० लिटर ओतलं तर उष्णता दुप्पट, यंत्र तेच, वेळ जवळजवळ दुप्पट. हे हिवाळ्यातसुद्धा. उन्हाळ्यात त्यावर आणखी एक भर पडते. दुधातली उष्णता शेवटी बाहेरच्या हवेतच टाकायची असते, आणि बाहेरचीच हवा ४२ अंश असली की गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसरची ताकद उतरते, वीज जास्त लागते. ही उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीत कडब्याचा भुसा आणि धूळ बसली असेल तर दाब इतका चढतो की सुरक्षेचं बटण यंत्र बंद पाडतं. मामा त्याला ‘एचपी ट्रिप’ म्हणतात, एचपी म्हणजे हाय प्रेशर. केंद्रावरचा पोरगा ते बटण दाबून पुन्हा चालू करतो, पुन्हा ट्रिप होतं, आणि दूध तेवढा वेळ कोमट.

उपाय काय? त्या भागासाठी A खुणेचं यंत्र घ्यायचं, ज्याची हमी ३८ अंशांपर्यंत आणि सुरक्षित चालण्याची मर्यादा ४३. ते महाग पडतं. किंवा कंडेन्सर सावलीत, मोकळ्या हवेत बसवायचा आणि जाळी आठवड्याला झाडायची. हे सगळं सर त्या साडेतीन मिनिटांत सांगायचे. पांढरा चौकोन काढायच्या आधी.

बाराव्या स्लाइडची माझी नोट मग अशी झाली:

‘पहिलं वाक्य: हा आलेख जानेवारीतला आहे, बाहेर २२ ते २४ अंश, टाकी अर्धी. (थांबा.) विचारा: तुमच्याकडे मेमध्ये संध्याकाळचं दूध येतं तेव्हा शेडमध्ये किती तापमान असतं? (उत्तर येऊ द्या.) क्लिक. पाटीवरची खूण समजावून सांगा: अर्धी टाकी, ३२ अंश, ३ तास. पूर्ण टाकी एकदम भरली तर वेळ दुप्पट धरा. पुढे जाताना: म्हणून यंत्र निवडायच्या आधी शेड बघायला आम्ही माणूस पाठवतो. आधार: आलेखामागचा तक्ता, तिसरा रकाना.’

शेवटची ‘आधार’ ही ओळ बोलायची नाही. ती पुढच्या माणसासाठी.

नोट्सचा आकार मात्र एवढ्यावर यायला मला दोन तालमी लागल्या. आधी मी पूर्ण भाषण लिहिलं होतं. आपल्या लॅपटॉपवर नोट्स दिसतात आणि पडद्यावर फक्त स्लाइड, ही सोय चांगली, पण अख्खा परिच्छेद समोर आला की डोळे त्यात अडकतात. समोर माणसं बसलीत आणि आपण बँकेच्या काउंटरवर फॉर्म वाचतो आहोत असं दिसतं. शिवाय लिहिलेली मराठी आणि बोललेली मराठी या सख्ख्या बहिणी असल्या तरी एका घरात नांदत नाहीत. ‘सदर यंत्रणेद्वारे’ हे शब्द माझ्या तोंडून मीटिंग रूममध्ये निघाले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मग ठरवलं: पहिलं वाक्य आणि पुढच्या स्लाइडवर जायचं वाक्य शब्दशः लिहायचं, कारण अडखळायला होतं ते उंबरठ्यावर. मधलं सगळं मुद्द्यांत. आकडा आला की त्याची अट त्याच ओळीत. आणि प्रत्येक क्लिकची जागा दाखवायची, नाहीतर तोंड मेमध्ये आणि पडदा जानेवारीत.

आता नववी स्लाइड.

मामांना ती आठवेना. म्हणाले, ‘त्या वेळी मी बाहेर गाडीतून यंत्राचं मॉडेल काढत असायचो. आत हसण्याचा आवाज यायचा बघा.’ मग सरांना फोन करायचं ठरवलं. ते आता दुसऱ्याच धंद्यात आहेत, त्यामुळे साहेबांची हरकत नव्हती. तरी गेलेल्या माणसाला किती वेळा छळायचं? एकच फोन करायचा, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, आणि पाचपेक्षा जास्त प्रश्न नाहीत.

मी हा फोन सातव्या दिवशी केला याचा मला आनंद आहे. पहिल्या दिवशी केला असता तर विचारलं असतं, ‘सर, तुम्ही काय बोलायचात?’ आणि ते म्हणाले असते, ‘काही विशेष नाही गं, आपलं नेहमीचंच.’ त्यांनी खरं तेच सांगितलं असतं. आता मी विचारलं, ‘सर, नवव्या स्लाइडवर तुमची चार मिनिटं दहा सेकंद जातात. कॅनच्या फोटोवर. काय होतं तिथे?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसू. ‘तुला कसं कळलं?’

नववी स्लाइड हा एक खेळ होता. सर फोटो दाखवायचे आणि विचारायचे, ‘हे दूध सकाळी सहाला काढलंय. फोटो किती वाजता काढलाय सांगा.’ लोक पुढे वाकून बघायचे. कोणी म्हणायचं सात, कोणी साडेसात. मग सर म्हणायचे, सावली बघा. कॅनची सावली कॅनच्या पायाशी गोळा झालेली. म्हणजे सूर्य जवळजवळ डोक्यावर. मग मंडळात आपापसात सुरू व्हायचं: अकरा, नाही साडेअकरा, अरे आमच्याकडचा टँकर पण तेव्हाच येतो. सहाला काढलेलं दूध पाच तास ओट्यावर. एका कॅनवर ओलं पोतं टाकलेलं, तेवढाच गारवा. सर म्हणाले, ‘जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात वगैरे मी पूर्वी सांगायचो. कोणी ऐकायचं नाही. सावली त्यांनी स्वतः मोजली की मग डेअरीच्या दारात जंतू तपासायला दुधात टाकलेल्या मिथिलीन ब्ल्यूचा रंग का उडतो ते सांगावं लागत नाही.’

मी भराभर लिहून घेत होते. मग एका शब्दाशी हात थांबला. सर गोष्ट सांगताना म्हणायचे, ‘मी तिथे उभा होतो.’ फोटो त्यांनीच काढलेला. मी काय म्हणणार? मी तिथे नव्हते. मी त्या वेळी कॉलेजात असेन. पण वाक्य तर तेच चांगलं होतं आणि सोलापुरात कोणाला कळणार होतं? नोटमध्ये मी आधी ‘मी’ लिहिला. मग खोडला. ‘आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी काढलेला फोटो आहे’ असं लिहिलं. वाक्य जरा पडलं, खरं आहे. दुसऱ्याचे आकडे तपासून आपले करता येतात. दुसऱ्याचं उभं राहणं नाही करता येत.

उरलेल्या चार प्रश्नांपैकी दोन वाया गेले. एकविसाव्या स्लाइडवर ‘थंड करण्याचा खर्च लिटरला ११ पैसे’ होतं. ते कुठून आलं ते सरांनाही आठवेना. ते मी स्वतः मांडून पाहिलं. ३५ युनिट उष्णता काढायला चांगल्या हवेत सुमारे १४ युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरले तर ११२ रुपये, हजार लिटरला. म्हणजे लिटरला ११ पैसे. जुळलं. पण जुळलं म्हणूनच दिसलं की यात जनरेटर धरलेला नाही. लहान जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये तीनेक युनिट देतो. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरलं तर युनिट ३० रुपयांना. एक तृतीयांश वेळ जनरेटरवर गेली की तेच ११ पैसे २१ होतात. नोटमध्ये लिहिलं: ‘आकडा वाचू नका. आधी विचारा, युनिटचा दर किती आणि वीज किती तास जाते. मग त्यांच्यासमोर मांडा.’

सतरावी स्लाइड मात्र लपवलेली होती. तिच्यावर दोन बाण आणि ‘?’ एवढंच. सर म्हणाले, ‘ती मी कधी दाखवतच नव्हतो. काय आहे तिच्यात?’ मी वर्णन केलं. ‘नाही बुवा,’ म्हणाले. ती अजून तिथे आहे, लपवलेलीच, आणि नोट आहे: ‘अर्थ माहीत नाही. कळल्यास लिहावे.’

आणि विसावी? पाचवा प्रश्न मी तिच्यासाठी राखून ठेवला होता. सर म्हणाले, एका संघाच्या चेअरमनच्या भावाचं फोमचं दुकान होतं, आणि टाकीतला फोम कुठून घेता हा प्रश्न टाळायचा होता. त्या एका दिवसापुरती नोट. ती तशीच पाच वर्षं राहिली.

हे ऐकून मला घाम फुटला, कारण सर ही फाइल सादरीकरणानंतर मेलवर पाठवायचे. पीपीटी जशीच्या तशी पाठवली की नोट्सही जातात. त्या ओळीसकट ती किती संघांकडे पोचली असेल देव जाणे. आता आमच्याकडे पाठवायची प्रत वेगळी असते: आधी फाइलची नक्कल, मग नकलेवर Inspect Document चालवून त्यातल्या नोट्स काढायच्या. नक्कल आधी. एकदा मी हे मूळ फाइलवरच केलं आणि सेव्ह करणार तेवढ्यात फोन वाजला म्हणून वाचले.

सोलापूरचं सादरीकरण संघाच्या सभागृहात झालं. पंखे फिरत होते आणि गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवत होते. बाराव्या स्लाइडवर मी जानेवारीचं सांगितलं, थांबले, आणि शेडच्या तापमानाचं विचारलं. तिघं एकदम बोलले. ती स्लाइड साडेतीनऐवजी नऊ मिनिटं चालली आणि मला नोट्सकडे बघावंही लागलं नाही.

पण त्याआधी नववी आली होती. मी विचारलं, दूध सहाचं, फोटो कितीचा? एक म्हणाला सात. एक म्हणाला आठ. मी म्हटलं, सावली बघा. सगळे पुढे वाकले. मागच्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते, ते वाकले नाहीत.

‘ओटा कुठल्या तोंडाचा हाय?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘सावली आखूड हाय ते दिसतंय. पर पूर्वेला पडलीय का पच्छिमेला? अकराची पण आखूड असती आन् दुपारी एकची पण. ओट्याचं तोंड सांगा, मग सांगतो.’

माझ्या नोटमध्ये ओट्याचं तोंड नव्हतं. सरांच्या चार मिनिटं दहा सेकंदांत हा प्रश्न कधी आला होता की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, ‘आजोबा, ते मला माहीत नाही. फोटो मी काढलेला नाही.’

‘मग दोन वाजेस्तोवर बी असंल ते,’ आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, आणि सभागृह हसलं.

परतीच्या एसटीत टेंभुर्णीच्या पुढे लॅपटॉप उघडला आणि नवव्या स्लाइडच्या नोटमध्ये तारीख टाकून एक ओळ वाढवली: ‘ओट्याची दिशा विचारतात. माहीत नाही म्हणून सांगावे. वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. ते आपल्यापेक्षा उशिराची ठरवतात.’